ऑडिट झालंय, मग पुन्हा तपासणी कशाला?

हिस्सा विकायला निघालेल्या मालकाला पहिला धक्का किमतीचा बसत नाही, कागदांच्या यादीचा बसतो. बोलणी छान झालेली असतात, ढोबळ किंमतही ठरलेली असते. मग गुंतवणूकदाराकडून दहा-बारा पानांची यादी येते. गेल्या तीन वर्षांचे दर महिन्याचे ट्रायल बॅलन्स, ग्राहकनिहाय विक्री आणि मार्जिन, प्रत्येक बँक खात्याचे उतारे, जीएसटीची सगळी विवरणपत्रं, मालकाच्या नातेवाइकांशी झालेले सगळे व्यवहार. मालक ती यादी घेऊन आपल्या सीएसमोर बसतो आणि विचारतो, "साहेब, दरवर्षी ऑडिट होतंय. तुमची सही आहे, एकही शेरा नाही. मग ही मंडळी पुन्हा काय तपासणार?"

प्रश्न रास्त आहे, आणि त्यात थोडा दुखावलेपणाही असतो. वीस-पंचवीस वर्षं चोख हिशोब ठेवणाऱ्याला वाटतं, आपल्यावर संशय घेतला जातोय. प्रत्यक्षात संशयाचा भाग थोडाच असतो. ऑडिट आणि ड्यू डिलिजन्स या दोन तपासण्या तीच खाती पाहतात, पण त्यांना विचारलेले प्रश्न वेगळे असतात.

१. ऑडिटरची सही नेमकं काय सांगते?

भारतात प्रत्येक कंपनीला ऑडिट कायद्याने बंधनकारक आहे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १४३ प्रमाणे ऑडिटर आपला अहवाल भागधारकांना देतो. त्याच्यापुढचा प्रश्न एवढाच असतो की ३१ मार्चचा ताळेबंद आणि संपलेल्या वर्षाचं नफा-तोटा पत्रक हिशोबाच्या मानकांप्रमाणे कंपनीचं 'खरं आणि वाजवी' चित्र दाखवतं का. उत्तर 'हो' असेल तर अहवाल स्वच्छ येतो.

या 'हो'ला दोन मर्यादा आहेत आणि त्या ऑडिटर लपवत नाही, अहवालातच लिहितो. पहिली मर्यादा अशी की तो वाजवी खात्री देतो, शंभर टक्के हमी देत नाही. प्रत्येक बिल तो पाहत नाही, नमुने काढून तपासतो. दुसरी मर्यादा जास्त महत्त्वाची आहे. किती रुपयांपर्यंतची चूक एकूण चित्र बदलत नाही, याचा एक आकडा तो कामाच्या सुरुवातीलाच ठरवतो. नफ्यात चाललेल्या कंपनीत करपूर्व नफ्याच्या ५ टक्के हे माप पुष्कळदा धरलं जातं. म्हणजे करपूर्व नफा ६ कोटी असेल तर साधारण ३० लाखांपर्यंतची चूक राहिली, तरी ऑडिटच्या दृष्टीने चित्र खरंच राहतं.

आता हेच ३० लाख खरेदीदाराच्या नजरेने पाहावेत. कंपनीची किंमत वार्षिक नफ्याच्या सातपट ठरली असेल, तर नफ्यात ३० लाखांचा फरक म्हणजे किमतीत २ कोटी १० लाखांचा फरक. ऑडिटमध्ये जे किरकोळ ठरतं, ते सौद्यात किरकोळ राहत नाही.

२. मग ड्यू डिलिजन्स म्हणजे काय?

फायनान्शियल ड्यू डिलिजन्स ही खरेदीदाराने पैसे देऊन करून घेतलेली आर्थिक चौकशी. ऑडिटसारखा ठरलेला नमुना कायद्याने तिला घालून दिलेला नाही. काय पाहायचं आणि काय नाही, हे खरेदीदार आणि त्याची सीए फर्म करारपत्रात ठरवतात. शेवटी 'खरं आणि वाजवी' असा दाखला मिळत नाही. मिळतो तो निरीक्षणांचा अहवाल, आणि तो खरेदीदाराचा असतो. मालकाला तो बहुधा पाहायलाही मिळत नाही. त्यातले मुद्दे त्याला किमतीच्या बोलणीत ऐकायला मिळतात.

बैलबाजारात जनावराच्या लसीकरणाचा दाखला असला, तरी शेतकरी दात पाहतो, चार पावलं चालवून पाहतो, जमलं तर औताला जुंपून पाहतो. दाखला खोटा आहे असं त्याला वाटत नसतं. हा बैल पुढची किती वर्षं ओढेल, हे दाखल्यावर लिहिलेलं नसतं, एवढंच.

म्हणून या चौकशीला वर्षाचा एक आकडा पुरत नाही, महिन्यामहिन्याचे आकडे लागतात. ऑडिट झालेले आकडे ती सहसा पाया म्हणून धरते, ते नव्याने ऑडिट करत नाही. तिला त्या आकड्यांच्या पोटात काय आहे ते हवं असतं: हा नफा कुठून आला, पुढच्या वर्षी पुन्हा येईल का, आणि कंपनीच्या डोक्यावर खरोखर किती देणं आहे.

३. दहा कोटींचे पावणेनऊ कसे होतात?

एक काल्पनिक पण नेहमी दिसणारा कारखाना घेऊ. कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत ओतीव भागांचं मशिनिंग करून वाहन कंपन्यांना पुरवणारी एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी. दोन भाऊ मालक. करपूर्व नफा ६ कोटी, व्याज दीड कोटी, घसारा अडीच कोटी. तिन्हींची बेरीज १० कोटी. व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीच्या या नफ्याला बाजारात 'एबिटा' म्हणतात आणि अशा कंपन्यांची किंमत बहुतेक वेळा त्याच्याच पटीत बोलली जाते. इथे सातपट ठरली: ७० कोटी. भावांना ३० टक्के हिस्सा विकायचा आहे.

चौकशी करणारी टीम पहिलं काम करते ते या १० कोटींची फोड. दोन महिन्यांत विक्री अचानक उसळलेली दिसते. माल तेवढाच गेलेला, पैसे मात्र जास्त. विचारल्यावर कळतं की कच्च्या लोखंडाचे भाव वाढले होते, त्याची दरवाढ ग्राहकाने उशिरा मान्य केली आणि मागच्या दोन वर्षांचा फरक ९० लाख यंदा एकदम दिला. कंपनीने तो यंदाच्या उत्पन्नात धरला आणि ऑडिटरने मान्य केला, ते बरोबरच होतं, कारण हक्क यंदा पक्का झाला. पण पुढच्या वर्षी हे ९० लाख येणार नाहीत. ते वजा. जुनं मशीन विकून झालेला ३० लाखांचा नफाही असाच वजा होतो, कारण मशीन विकणं हा या कंपनीचा धंदा नव्हे.

मग येतो घरचा मामला. दोघे भाऊ पूर्ण वेळ राबतात पण पगार नावापुरता घेतात. शेड त्यांच्या आईच्या नावावर आहे आणि भाडं दहा वर्षांपूर्वीचंच चालू आहे. बाजारभावाने दोन व्यवस्थापक नेमले आणि बाजारभावाने भाडं दिलं, तर वर्षाला ८० लाख जास्त लागतील. म्हणजे हे ८० लाख धंद्याने कमावलेले नसून मालकांनी आपल्या खिशातून घातलेले आहेत. तेही वजा. इथे मालक हमखास चिडतात, कारण ज्या काटकसरीचा त्यांना अभिमान असतो तीच त्यांच्या विरुद्ध मोजली जाते. पण खरेदीदाराचंही चुकत नाही. उद्या थोरल्या भावाने काम थांबवलं तर त्याच्या जागी येणारा माणूस नावापुरत्या पगारावर येणार नाही.

फोड एकाच बाजूने होत नाही, आणि हे मालकाने लक्षात ठेवायला हवं. एका जुन्या कामगार दाव्याची तडजोड यंदा ४० लाखांना झाली. ती पुन्हा होणार नाही, म्हणून ४० लाख मिळवायचे. दोन नातेवाईक पगारपत्रकावर आहेत पण कारखान्यात येत नाहीत. त्यांचे ४० लाखही मिळवायचे. असे मुद्दे खरेदीदाराची टीम आपणहून शोधेलच असं नाही. ते मालकाने पुराव्यासह पुढे ठेवायचे असतात.

हिशोब असा: १० कोटींतून ९० लाख, ३० लाख आणि ८० लाख गेले, मग ४० आणि ४० लाख आले. उरले ८ कोटी ८० लाख. सातपटीने ६१ कोटी ६० लाख. ऑडिटमधला एकही आकडा चुकीचा ठरला नाही, तरी किंमत ८ कोटी ४० लाखांनी खाली आली.

४. कर्ज नसलेलं कर्ज आणि ३१ मार्चची गोष्ट

वरची किंमत संपूर्ण धंद्याची झाली. मालकाचा वाटा काढायचा तर त्यातून कर्ज वजा करावं लागतं आणि हातातली रोकड मिळवावी लागते. भावांच्या हिशोबाने बँकेचं कर्ज १२ कोटी, खात्यात २ कोटी, म्हणजे निव्वळ कर्ज १० कोटी. ७० मधून १० गेले, राहिले ६०. त्याचे ३० टक्के म्हणजे १८ कोटी. हा आकडा त्यांनी घरी सांगूनही टाकलेला असतो.

चौकशीची टीम मात्र 'कर्ज' या शीर्षकाखालीच पाहत नाही. नवीन मशिनिंग सेंटर कारखान्यात चालू आहे, पण त्याचे दीड कोटी विक्रेत्याला द्यायचे आहेत आणि ते इतर देण्यांत बसलेले आहेत. कामगारांच्या ग्रॅच्युइटीची १ कोटी २० लाखांची तरतूद पुस्तकात आहे, पण त्यासाठी पैसा कुठेही बाजूला ठेवलेला नाही. ग्राहकांची २ कोटी ३० लाखांची बिलं बँकेकडे वटवून पैसे आधीच उचललेले आहेत. ग्राहकाने पैसे दिले नाहीत तर बँक कंपनीकडेच येणार, आणि याचा उल्लेख ताळेबंदात नाही, त्याच्या टिपांत आहे. तिन्ही गोष्टी ऑडिट झालेल्या कागदांतच होत्या, लपवलेलं काही नव्हतं. पण हिस्सा घेणाऱ्यासाठी ही कर्जासारखीच देणी आहेत. एकूण ५ कोटी. निव्वळ कर्ज १० चं १५ कोटी झालं.

उरला ३१ मार्च. ताळेबंद त्या एका दिवसाचा फोटो असतो आणि फोटोआधी सगळेच केस विंचरतात. मार्चमध्ये ग्राहकांच्या मागे लागून वसुली होते, पुरवठादारांना "एप्रिलमध्ये या" असं सांगितलं जातं, नवा कच्चा माल थांबवला जातो. त्यामुळे त्या दिवशी खात्यात पैसा दिसतो. येणी आणि शिल्लक माल यांतून पुरवठादारांची देणी वजा केली की उरतं ते खेळतं भांडवल. या कंपनीत ते ३१ मार्चला ११ कोटी आहे, पण बारा महिन्यांची सरासरी १४ कोटी निघते. म्हणजे धंदा नेहमीच्या गतीने चालवायला एप्रिल-मेमध्ये ३ कोटी पुन्हा आत घालावे लागणार. खात्यातले २ कोटी जादा पैसे नव्हते. खरेदीदार हे ३ कोटीही मागतो.

६१ कोटी ६० लाखांतून १५ आणि ३ गेले, उरले ४३ कोटी ६० लाख. त्याचे ३० टक्के म्हणजे १३ कोटी ८ लाख. घरी सांगितलेले १८ आणि हे १३, यांतला फरक कुणाच्या लबाडीने पडला नाही.

इथे मालकाच्या बाजूच्या सीएने एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहायची असते: तीच रक्कम दोनदा वजा होत नाही ना? पुरवठादारांची थकलेली बिलं खरेदीदार कधी 'कर्जासारखं देणं' म्हणून कापतो, आणि तीच बिलं खेळत्या भांडवलाच्या तुटीतूनही पुन्हा कापली जातात. मशीन विक्रेत्याचे दीड कोटी कर्जात धरले असतील, तर खेळत्या भांडवलातून ते बाहेर काढायलाच हवेत. हा वाद तर्काचा आहे आणि तो मालकाला जिंकता येतो, मात्र बोलणीच्या टेबलावर तो कळायला हवा.

५. स्वच्छ ऑडिट, महाग सौदा

ऑगस्ट २०११ मध्ये अमेरिकेच्या एचपी कंपनीने ब्रिटनची ऑटोनॉमी ही सॉफ्टवेअर कंपनी सुमारे ११ अब्ज डॉलरना घेण्याचं जाहीर केलं. ऑटोनॉमी लंडनच्या शेअर बाजारावर होती, तिची खाती डेलॉइटने तपासलेली होती आणि अहवाल स्वच्छ होते. शेअर बाजारातली कंपनी असल्याने एचपीला आतले कागद मर्यादितच पाहता आले. नोव्हेंबर २०१२ मध्ये एचपीने या खरेदीपोटी ८.८ अब्ज डॉलरची घट पुस्तकात दाखवली आणि त्यातला मोठा भाग हिशोबातल्या गैरप्रकारांमुळे असल्याचा आरोप केला.

प्रकरणातला एक धागा हिस्सा विकणाऱ्यांसाठी फार बोलका आहे. सॉफ्टवेअर कंपनी म्हणून ओळखली जाणारी ऑटोनॉमी तिमाहीचं लक्ष्य गाठण्यासाठी दुसऱ्यांनी बनवलेले संगणक विकत घेऊन, बऱ्याचदा तोट्यात, पुढे विकत होती. ती विक्री खरी होती, बिलं होती, पैसेही येत होते. ऑडिटरलाही ती माहीत होती. बाहेरच्यांना मात्र एकूण उत्पन्नात तिचा वाटा किती, हे सांगितलेलं नव्हतं आणि सगळी वाढ सॉफ्टवेअरची वाटत होती. उत्पन्न आहे का, एवढंच विचारलं तर उत्तर 'आहे' असं येतं. उत्पन्न कशाचं आहे आणि त्यात उरतं किती, हे महिनावार आणि उत्पादननिहाय फोडीतूनच दिसतं.

२०२० मध्ये ब्रिटनच्या लेखा-नियामकाने या ऑडिटमधल्या त्रुटींसाठी डेलॉइटला १.५ कोटी पौंडांचा दंड केला. २०२२ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने दिवाणी दाव्यात बहुतांशी एचपीच्या बाजूने निकाल दिला. संस्थापक माइक लिंच यांना अमेरिकेतल्या फौजदारी खटल्यात जून २०२४ मध्ये निर्दोष ठरवण्यात आलं.

६. ड्यू डिलिजन्सला काय दिसत नाही?

ही चौकशी दिव्यदृष्टी नव्हे. टीम सहसा गोदामात जाऊन माल मोजत नाही, ग्राहकांना पत्रं पाठवून शिल्लक पडताळत नाही. ही कामं ऑडिटरची. टीम मालकाने दिलेल्या माहितीवर बरीच अवलंबून असते आणि अहवालाच्या पहिल्या पानांतच तसं लिहिते.

पण काही ताळे ती घेतेच. पुस्तकातली विक्री, जीएसटी विवरणातली विक्री आणि बँकेत आलेले पैसे समोरासमोर ठेवले जातात. तिन्ही आकडे जुळत नाहीतच. आगाऊ रक्कम, मशीनची विक्री, उशिरा काढलेली डेबिट नोट, खात्यांत झालेले आपापसातले वर्ग अशी साधी कारणं त्यामागे असतात. फरक आहे म्हणून कुणी घाबरत नाही. फरकाचं कारण मालकाला सांगता आलं नाही, तर मात्र टीम सावध होते. मार्चमध्ये उसळलेली विक्री आणि एप्रिलमध्ये निघालेल्या क्रेडिट नोटा, किंवा विक्री जागच्या जागी असताना वाढत गेलेला शिल्लक माल, हेही तसेच इशारे.

काही मालक खासगीत म्हणतात, "खरा नफा याहून जास्त आहे, थोडं रोखीत चालतं." या वाक्याने किंमत वाढत नाही. पुस्तकात नसलेल्या नफ्याला खरेदीदार शून्य भाव देतो, वर करखात्याच्या संभाव्य मागणीसाठी पैसे राखून ठेवायला सांगतो.

चौकशीतून जे सुटेल त्यासाठी करारात मालकाची लेखी हमी घेतली जाते: दिलेली माहिती खरी आणि पूर्ण आहे, तसं नसेल तर भरपाई देऊ. हे कलम नावापुरतं समजू नये. जपानच्या दायची सांक्योने २००८ मध्ये रॅनबॅक्सीतला सिंग बंधूंचा हिस्सा घेतला. अमेरिकी औषध नियामकाच्या चौकशीबद्दलची महत्त्वाची माहिती आपल्यापासून दडवली, असा दावा तिने सिंगापूरच्या लवादापुढे केला. एप्रिल २०१६ मध्ये लवादाने विकणाऱ्यांना सुमारे २,५६२ कोटी रुपये आणि वर व्याज देण्याचा आदेश दिला. सौद्यानंतर आठ वर्षांनी. उलट, जी अडचण मालकाने आधीच लेखी सांगितलेली असते तिच्याबद्दल नंतर भरपाई मागणं खरेदीदाराला कठीण जातं. तो त्याच वेळी किंमत कमी करून घेईल, पण तो व्यवहार तिथेच मिटतो.

७. गुंतवणूकदार येण्याआधी

शिरोलीच्या कारखान्याबद्दल वर आलेला जवळजवळ प्रत्येक मुद्दा त्या दोघा भावांना वर्षभर आधी कळू शकला असता. विकणाऱ्याने आपल्याच कंपनीची अशी चौकशी आधी करून घ्यायची पद्धत आता चांगली रुळली आहे. तिला खर्च येतो, पण १८ कोटी आणि १३ कोटी यांतला फरक बोलणीच्या मध्यावर कळणं आणि ती सुरू होण्याआधी कळणं यांत मोठी तफावत आहे. आधी कळलं तर शेडचं भाडं बाजारभावाने करता येतं, घरी बसलेल्या नातेवाइकांचे पगार बंद करता येतात, ग्रॅच्युइटीसाठी पैसा बाजूला काढायला सुरुवात होते. किंमत बोलताना सातपट कोणत्या आकड्याची, हेही सुरुवातीलाच लिहून घेता येतं.

हे काम नेहमीच्या ऑडिटरकडेच द्यावं का, हा प्रश्न पुष्कळ मालक विचारतात. न देणं बरं. आपणच तपासलेल्या खात्यांकडे खरेदीदाराच्या डोळ्यांनी पाहणं कुणालाही अवघड असतं. त्याचं सहकार्य मात्र लागतंच, कारण जुन्या नोंदींची कारणं त्यालाच माहीत असतात.

छोट्या कारखान्यांची सगळ्यात मोठी अडचण मालाच्या मोजणीची असते. शिल्लक माल वर्षातून एकदाच, मार्चमध्ये मोजला आणि पुस्तकात घेतला जातो. त्यामुळे अकरा महिन्यांचा नफा खोटा दिसतो आणि बारावा महिना सगळं भरून काढतो. वार्षिक ऑडिटला याने काही बिघडत नाही. महिनावार आकडे मागणाऱ्या टीमला मात्र ते निरुपयोगी ठरतात, आणि ज्या आकड्यांचा अर्थ लागत नाही त्यांचा अर्थ ती मालकाच्या विरुद्ध लावते. पुढच्या दोन-तीन वर्षांत हिस्सा विकायचा विचार असेल, तर या महिन्याच्या अखेरीपासूनच माल मोजून महिन्याची खाती बंद करायला सुरुवात करावी. मागच्या तारखेने ते करता येत नाही.